‘स्कॅन होत नाही’ : जिंतूर तालुक्यातील एका किराणा दुकानातील क्यूआर पेमेंट चाचणीचे प्रकरण

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात, आठवडी बाजार भरणाऱ्या एका गावात, बाजारपेठेच्या टोकाला एक किराणा दुकान आहे. सकाळी गल्ल्यावर काका बसतात आणि संध्याकाळी काकू. या दुकानात आमच्या चमूने तयार केलेले दुकानदारांचे ॲप वापरले जाते. त्यात बिल केले की त्या बिलाच्या रकमेचा क्यूआर कोड दुकानदाराच्या फोनच्या पडद्यावर उमटतो. गिऱ्हाईक आपल्या फोनमधल्या कोणत्याही यूपीआय ॲपने तो वाचतो आणि पैसे पोहोचल्याची सूचना आमच्या सर्व्हरमार्फत दुकानदाराच्या फोनवर येऊन बिल हिरवे होते. याच ॲपमध्ये एक स्कॅनरही आहे. काका आठवड्यातून एकदा परभणीच्या मोंढ्यात माल भरायला जातात, तेव्हा ठोक व्यापाऱ्याच्या गल्ल्याजवळचा छापील कोड ते त्या स्कॅनरने वाचतात आणि पुढचे पैसे देण्याचे काम त्यांच्या फोनमधले यूपीआय ॲप करते.

या दुकानातून आमच्या मदत नोंदवहीत सलग तीन आठवडे एकच वाक्य येत होते : ‘स्कॅन होत नाही.’ छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या कार्यालयात, ट्यूबलाइटच्या उजेडात आणि नव्या फोनवर, आम्हाला एकदाही तसे झाले नाही. तिसऱ्या आठवड्याच्या नोंदीला आणखी एक ओळ जोडलेली होती. एका गिऱ्हाइकाकडून ₹385 चे पैसे दोनदा गेले होते आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी ते गल्ल्यातून रोख परत केले होते. त्या ओळीमुळे मी, चाचणीचे काम करणारा माणूस म्हणून, चार दिवस त्या दुकानात जाऊन बसलो. त्या चार दिवसांत आणि नंतरच्या दोन आठवड्यांत जे हाती लागले ते येथे नोंदवत आहे.

पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट स्पष्ट झाली. काकूंच्या तोंडी ‘स्कॅन होत नाही’ याचा अर्थ ‘पैसे आल्याचे मला दिसत नाही’ असा होता. त्यामागे निदान तीन वेगवेगळे बिघाड लपलेले असू शकतात. एक, गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्याला कोड सापडतच नाही. दोन, कोड सापडतो, पण त्यातला मजकूर उलगडत नाही. तीन, मजकूर उलगडतो, पिन टाकला जातो, पैसे निघतातही, पण त्याची बातमी दुकानदारापर्यंत येत नाही. पहिल्या दोन बिघाडांत गिऱ्हाइकाच्या फोनवर कॅमेऱ्याचेच चित्र हलत राहते, तर तिसऱ्यात त्याच्या फोनवर रक्कम आणि नाव आलेले असते. हा फरक गल्ल्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला डोळ्यांनी दिसतो. आमच्या सर्व्हरला मात्र तो दिसत नाही, कारण कोड वाचणारे ॲप दुसऱ्याचे असते आणि वाचण्याचा प्रयत्न फसला तर त्याची कोणतीही नोंद आमच्याकडे येत नाही.

म्हणून नोंदीची पद्धत हाताने ठरवली. गिऱ्हाइकाच्या भूमिकेसाठी तीन फोन घेतले : एक स्वस्तातला, ज्याचा कॅमेरा जवळचे चित्र हळू जुळवतो, एक मध्यम किमतीचा, आणि एक चार वर्षे वापरलेला, ज्याच्या कॅमेऱ्याच्या काचेवर ओरखडे होते. गल्ल्यावरच्या फोनला 15, 25 आणि 40 सेंटीमीटरवर गाठी मारलेला एक दोरा बांधला, म्हणजे प्रत्येक प्रयत्नात अंतर तेच राहील. शेजारी चौथा फोन ठेवून दोन्ही पडद्यांचे चित्रीकरण केले आणि कोड उमटल्याची, रक्कम दिसल्याची, पिन टाकल्याची व बिल हिरवे झाल्याची वेळ त्या चित्रीकरणावरून काढली. प्रत्येक परिस्थितीत दहा प्रयत्न करायचे आणि तीन सेकंदांत रक्कम दिसली नाही तर तो प्रयत्न फसला असे मानायचे, हे आधीच ठरवून घेतले. गल्ल्यासमोर रांग असताना माणूस त्याहून अधिक वेळ हात स्थिर धरत नाही, असे पहिल्या संध्याकाळी पाहिले होते.

तक्रारींपैकी बहुतेक दिवेलागणीनंतरच्या होत्या. त्यामुळे माझा पहिला संशय मंद उजेडावर गेला आणि तो चुकीचा निघाला. भारनियमनाच्या वेळी दुकानात चार्जिंगचा एकच दिवा असतो. गल्ल्यावर उजेड मोजणारा लक्समीटर ठेवला तेव्हा आकडा वीसच्या आसपास आला. कार्यालयात तोच मीटर चारशे दाखवत असे. परंतु पडद्यावरचा कोड स्वतःच उजेड देतो, त्यामुळे भोवतालच्या अंधाराने तो वाचता येऊ नये याला सबळ कारण नाही. हे तपासण्यासाठी मी वीज असताना दुकानातले दिवे मुद्दाम मालवले आणि त्याच वीस लक्सच्या उजेडात प्रयत्न केले. कोड वाचला गेला. वीज गेल्यावर मात्र, मीटरवर तोच आकडा असताना, तोच कोड वाचला जाईना. उजेड तोच आणि निकाल वेगळा आला, म्हणजे बदललेली गोष्ट दुसरीच काहीतरी होती.

ती गोष्ट बॅटरी होती. वीज गेली की काकूंचा फोन चार्जरवरून निघतो, दिवसभराच्या वापराने आधीच उतरलेली बॅटरी खाली जाते आणि बॅटरी सेव्हर चालू होतो. अँड्रॉइड 10 पासून पुढे अनेक फोनांत बॅटरी सेव्हर चालू झाला की गडद थीमही आपोआप लागू होते आणि काकूंच्या फोनवर तेच होत होते. आमच्या ॲपने कोडची जाळी काळी-पांढरीच ठेवली होती, पण तिच्या भोवतीची मोकळी कड थीमच्या पार्श्वभूमीवर सोडलेली होती, त्यामुळे ती कड गडद झाली. क्यूआर कोड शोधणारा कॅमेरा सर्वांत आधी तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन शोधतो. त्या चौकोनावरून कोणतीही रेघ मधोमध ओढली तरी काळे, पांढरे, काळे, पांढरे, काळे हे पट्टे एक, एक, तीन, एक, एक अशाच प्रमाणात येतात आणि हे प्रमाण हीच त्या चौकोनाची ओळख असते. बाहेरची कड गडद झाली की चौकोनाची बाहेरची काळी चौकट तिच्यात मिसळून जाते, प्रमाण मोडते, आणि माणसाच्या डोळ्यांना कोड स्वच्छ दिसत असूनही कॅमेऱ्याला तो सापडत नाही. प्रमाणित नियमाप्रमाणे कोडच्या चारही बाजूंना चार घरांइतकी फिकी कड हवी. ‘घर’ म्हणजे जाळीतला सर्वांत लहान चौकोन. आम्ही कोड एका कायम पांढऱ्या कार्डावर, चार घरांची कड सोडून, कोणत्याही थीममध्ये न बदलणारा असा ठेवला आणि त्या क्षणापासून भारनियमनातल्या तक्रारी थांबल्या.

अंधाराचा खरा त्रासही एक निघाला, पण तो आम्हीच ओढवून घेतलेला होता. कोड दाखवताना ॲप पडद्याची प्रखरता नेहमी पूर्ण करत असे. उन्हात ते योग्यच आहे. अंधाऱ्या गल्ल्यावर मात्र गिऱ्हाइकाचा कॅमेरा भोवतालच्या काळोखाला जुळवून घेतो, पडदा त्याला डोळे दिपवणारा दिसतो आणि पांढरे काळ्यावर पसरून काळी घरे बारीक होतात. ओरखडे असलेल्या जुन्या कॅमेऱ्यात हा पसारा सर्वाधिक होता. आता फोनचा प्रकाश-संवेदक अंधार दाखवत असेल तर प्रखरता निम्म्यावर ठेवली जाते. तेवढ्याने काम भागले, म्हणून या मुद्द्यावर अधिक वेळ घातला नाही.

फुटलेल्या पडद्याचा मुद्दा मात्र खोलवर गेला आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची माहिती तिथेच मिळाली. काकूंच्या फोनचा पडदा उजव्या खालच्या कोपऱ्यापासून तडकलेला आहे. “पोराच्या हातून पडला, तेव्हापासून असाच आहे, दिसतं सगळं, मग कशाला बदलायचा?” असे त्या म्हणाल्या आणि त्यांचे म्हणणे रास्त होते, बाकी सगळे कामकाज त्या फोनवर नीट चालत होते. अशा फोनची चाचणी कार्यालयात बसून करणे अवघड असते, कारण पडद्याचा स्क्रीनशॉट घेतला तर त्यात कोड निर्दोषच उमटतो. तडा काचेत असतो, चित्रात नसतो. म्हणून जिंतुरातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून काढून टाकलेले तीन तडकलेले डिस्प्ले आणि काही फुटक्या टेम्पर्ड ग्लास आणल्या. या दोन्हींत फरक आहे. फुटकी टेम्पर्ड ग्लास काढून टाकली की प्रश्न मिटतो आणि मदत करणाऱ्याने सर्वांत आधी तेच विचारायला हवे. खालची मूळ काच फुटली असेल तर तड्याची रेघ उजेड विखुरते, आणि आतल्या थरापर्यंत इजा गेली असेल तर शाईसारखा काळा डाग पसरतो.

तड्यांची रेघ मोजली तर ती साधारण अर्धा मिलिमीटर रुंद भरत होती. ती जाड आहे की बारीक, हे कोडच्या एका घराच्या मापावर ठरते. आमचा कोड पडद्यावर 50 मिलिमीटर बाजूचा उमटत होता. त्यातली घरे मोजायला बसलो आणि थांबलो : एका बाजूला 89 घरे होती. म्हणजे एक घर 0.56 मिलिमीटरचे, जवळजवळ तड्याच्याच रुंदीचे. एक तडा कोडवरून तिरका गेला की तो वाटेतले प्रत्येक घर गिळत जात होता. ₹385 चे बिल आणि एक पत्ता एवढ्याच मजकुराला 89 घरांची जाळी का लागावी, हा पुढचा प्रश्न होता.

उत्तर दुकानाच्या नावात होते. यूपीआयचा कोड म्हणजे एक पत्त्याची ओळ असते. तिच्यात `pa` म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, `pn` म्हणजे त्याचे नाव, `tr` म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि `am` म्हणजे रक्कम असते. काकांनी ॲपमध्ये दुकानाचे नाव मराठीत लिहिले होते आणि आम्ही ते जसेच्या तसे `pn` मध्ये टाकत होतो. अशा ओळीत देवनागरी अक्षर थेट लिहिता येत नाही. त्याचे टक्केचिन्हांच्या लिपीत रूपांतर करावे लागते. युनिकोडच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो वा वेलांटी, तीन बाइट घेते आणि या रूपांतरात प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. ‘किराणा’ या शब्दात सहा चिन्हे आहेत. रोमन लिपीत लिहिला तरी सहाच अक्षरे होतात. पण कोडमध्ये जाताना दोन्हींचे रूप असे होते :

```
pn=Kirana
pn=%E0%A4%95%E0%A4%BF%E0%A4%B0%E0%A4%BE%E0%A4%A3%E0%A4%BE
```

सहाच्या जागी चोपन्न. ‘किराणा व जनरल स्टोअर्स’ एवढेच लिहायचे म्हटले तर एकट्या नावाची 180 अक्षरे होतात. त्यात आम्ही 32 अक्षरांचा संदर्भ क्रमांक आणि ‘बिल’ हा शब्द मराठीत असलेली टीप जोडत होतो. सगळी ओळ 308 अक्षरांवर जात होती. शिवाय कोडच्या मध्यभागी ॲपचे बोधचिन्ह होते आणि ते झाकून टाकत असलेली घरे भरून निघावीत म्हणून चूक सुधारण्याची सर्वांत वरची, म्हणजे एच पातळी निवडलेली होती. त्या पातळीवर जवळजवळ 30 टक्के बिघाड भरून निघतो, परंतु त्यासाठी बराच जादा मजकूर कोडमध्ये साठवावा लागतो. लांब मजकूर आणि वरची पातळी मिळून कोड अठराव्या आवृत्तीचा, म्हणजे 89 घरांचा झाला होता. कोड टिकाऊ व्हावा म्हणून केलेल्या निवडीनेच त्याची घरे इतकी लहान करून टाकली होती.

नव्या मांडणीत बोधचिन्ह काढले, टीप काढली, संदर्भ क्रमांक दहा अंकी केला, नाव रोमन लिपीत आखूड लिहिले आणि पातळी एम, म्हणजे सुमारे 15 टक्के ठेवली. नमुन्याच्या पत्त्यासह ती ओळ अशी दिसते, त्यात `mc` म्हणजे धंद्याच्या प्रकाराचा संकेतांक आणि `cu` म्हणजे चलन :

```
upi://pay?pa=dukan27@bank&pn=Kirana%20General%20Stores&mc=5411&tr=2405183021&am=385.00&cu=INR
```

ही ओळ 93 अक्षरांची आहे आणि ती सहाव्या आवृत्तीत, म्हणजे 41 घरांत बसते. त्याच 50 मिलिमीटरच्या चौकोनात आता एक घर 1.22 मिलिमीटरचे झाले. तोच तडा आता घराच्या निम्म्याहूनही कमी रुंदीचा ठरला आणि काकूंच्या फोनवर, त्याच गल्ल्यावर, तिन्ही फोनांनी 25 सेंटीमीटरवरून कोड वाचला. जुना कोड स्वस्त फोनने त्या अंतरावरून एकदाही वाचला नव्हता. 15 सेंटीमीटरवर आणला की त्याचा कॅमेरा चित्र जुळवण्यात अडकत होता.

दुकानाचे मराठी नाव कोडमधून काढणे मला मनापासून आवडले नाही. त्याला पटण्यासारखा एक आधार मिळाला तो असा : यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या 30 जून 2025 पासूनच्या नियमानुसार व्यक्तीला किंवा लहान दुकानदाराला पैसे देताना दिसणारे नाव कोडमधून उचललेले नसून बँकेच्या नोंदीतले असावे लागते. म्हणजे `pn` मध्ये लिहिलेले मराठी नाव गिऱ्हाइकाला तसेही दिसत नव्हते. ते फक्त जाळी बारीक करत होते. आता दुकानाचे मराठी नाव कोडच्या वर, कार्डावर, मोठ्या अक्षरांत येते आणि कोडच्या आत ते नसते.

तरीही तड्यांचा प्रश्न पूर्ण सुटला असे म्हणता येणार नाही. चूक सुधारण्याची सोय ही फक्त मजकुराच्या घरांसाठी असते. तीन कोपऱ्यांतल्या चौकोनांना ती लागू होत नाही. आणलेल्या डिस्प्लेंपैकी एकावर शाईचा डाग नेमका वरच्या डाव्या चौकोनावर येत होता आणि तिथे 41 घरांचा कोडही निरुपयोगी ठरला. त्यावर एक साधा उपाय केला : कार्डावर बोट ठेवून कोड पडद्याच्या वरच्या, मधल्या किंवा खालच्या भागात सरकवता येतो आणि ॲप ती जागा लक्षात ठेवते. काकूंनी तो वरच्या भागात नेऊन ठेवला आहे.

चकाकीचा अनुभव मोंढ्यात आला. काकांबरोबर मी परभणीला गेलो तेव्हा मे महिना होता. ठोक व्यापाऱ्याचा कोड लॅमिनेट केलेल्या कार्डावर, गल्ल्यामागच्या भिंतीला टांगलेला होता आणि समोरच्या पत्र्याच्या शेडवरून परतलेले ऊन त्यावर पडत होते. काका गल्ल्याच्या अलीकडे, साधारण अर्ध्या मीटरवर उभे होते. येथे वाचणारा स्कॅनर आमचा होता, त्यामुळे प्रत्येक टप्प्याची वेळ आम्हाला नोंदवता आली आणि दोन चुका सापडल्या. पहिली अशी की कॅमेऱ्याचे चित्र तपासण्यासाठी आम्ही मूळचेच 640 गुणिले 480 हे माप ठेवले होते. सर्वसाधारण फोन-कॅमेऱ्याच्या कोनात, अर्ध्या मीटरवरून, त्या मापात कागदावरच्या एका मिलिमीटरला सुमारे एकच ठिपका मिळतो. आठ सेंटीमीटर बाजूच्या, 37 घरांच्या छापील कोडचे घर दोन मिलिमीटरच्या थोडे वर असते. म्हणजे एका घराला जेमतेम दोन ठिपके. स्वच्छ उजेडात ते पुरते, चकाकीत पुरत नाही. माप 1280 गुणिले 720 केल्यावर ठिपके दुप्पट झाले.

दुसरी चूक टॉर्चची होती. कोड काही वेळ सापडला नाही तर आमचा स्कॅनर उजेड कमी आहे असे धरून टॉर्च आपोआप लावत असे. लॅमिनेशनवर तो टॉर्च थेट आरशासारखा परततो आणि कोडच्या मधोमध पांढरा गोळा उमटतो. म्हणजे चकाकीने अडलेल्या कोडवर आम्ही स्वतःहून आणखी चकाकी घालत होतो. आता टॉर्च फक्त बटण दाबल्यावर लागतो आणि चित्राचा मोठा भाग पूर्ण पांढरा झालेला दिसला तर पडद्यावर ‘फोन थोडा तिरका धरा’ एवढीच सूचना येते. पंधरा-वीस अंशांनी तिरके झाले की परतणारा उजेड कोडवरून बाजूला सरकतो, आणि तेवढ्या तिरकेपणाने वाचण्यात अडचण येत नाही. काकांना ही युक्ती आधीपासून माहीत होती. ते कार्डच हाताने तिरके करून धरत.

उरला ₹385 चा व्यवहार. तो बाजाराच्या दिवशी संध्याकाळी झाला होता. त्या दिवशी गावात आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून माणसे येतात आणि एकाच टॉवरवर सगळ्या फोनांचा भार पडतो. फोनवर जोडणीच्या रेघा पूर्ण दिसतात, पण माहिती सरकत नाही. आमच्या नोंदींत त्या एका बिलासाठी दोन वेगवेगळे `tr` क्रमांक होते आणि दोन्हींचे पैसे जमा झालेले होते. कार्यालयात आम्ही ‘नेटवर्क नाही’ ही परिस्थिती फोन विमान मोडवर टाकून तपासत असू. ती चाचणी येथे निरुपयोगी होती, कारण विमान मोडमध्ये विनंती बाहेरच पडत नाही आणि अपयश तत्काळ व निःसंदिग्ध येते. बाजाराच्या दिवशी विनंती पोहोचते, तिचे उत्तर परतत नाही.

ती परिस्थिती घडवण्यासाठी लिनक्स असलेल्या लॅपटॉपचा हॉटस्पॉट केला, दुकानदाराचा फोन त्याला जोडला आणि लॅपटॉपकडून फोनकडे जाणारी माहिती मंद केली :

```
sudo tc qdisc add dev wlan0 root netem delay 800ms 300ms loss 10% rate 64kbit
```

येथे `wlan0` हे हॉटस्पॉटच्या वायफायचे नाव आहे आणि ते प्रत्येक लॅपटॉपवर तपासून घ्यावे लागते. ही आज्ञा लॅपटॉपमधून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे फोनकडे जाणाऱ्या बाजूलाच लागू होते. दोन्ही बाजू मंद करायच्या असतील तर ही मर्यादा ठरेल. आम्हाला मात्र नेमके हेच हवे होते, की फोनची विनंती सर्व्हरपर्यंत सुखरूप जावी आणि उत्तर वाटेत अडावे. कोड उमटला, चाचणीच्या फोनवरून पिन टाकला, आणि त्याच वेळी `add` च्या जागी `change` व `loss 100%` देऊन उत्तर पूर्ण अडवले. तिसाव्या सेकंदाला दुकानदाराच्या पडद्यावर लाल अक्षरांत ‘पेमेंट अयशस्वी’ आले आणि खाली ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण आले. जोडणी मोकळी करून बटण दाबले, तर नवा `tr` असलेला नवा कोड उमटला. गिऱ्हाइकाने तो वाचून पुन्हा पैसे दिले. पहिलेही जमा झाले, दुसरेही झाले. बँकेच्या दृष्टीने ही दोन वेगळी, वैध पेमेंट होती, त्यामुळे ती अडवण्याचे तिला कारणच नव्हते.

हा दोष स्कॅनचा नव्हता, शब्दाचा आणि संदर्भ क्रमांकाचा होता. तीस सेकंदांत उत्तर आले नाही याचा अर्थ पैसे आले नाहीत असा होत नाही. आमच्या ॲपने न कळलेल्या गोष्टीला ‘अयशस्वी’ म्हटले आणि काकूंनी त्यावर विश्वास ठेवला. गिऱ्हाइकाच्या फोनवर त्या वेळी ‘प्रक्रियेत’ असे दिसत होते, पण रांगेत मागे माणसे उभी असताना त्या शब्दावर कोण थांबणार? बदल दोन केले. एक बिल म्हणजे एकच `tr`, मग कोड कितीही वेळा उमटवा. आणि उत्तर आले नाही तर पडदा लाल न होता पिवळा होतो व ‘अजून कळलेले नाही, दुसऱ्यांदा पैसे घेऊ नका’ असे सांगतो. त्या वेळी सर्व्हर त्याच `tr` ची स्थिती बँकेच्या बाजूला विचारत राहतो आणि जोडणी परतली की फोनला कळवतो. तरीही कोणी दोनदा पैसे दिलेच, तर दोन्ही रकमा एकाच बिलावर आलेल्या दिसतात आणि जास्तीची रक्कम परत करण्याची सूचना ॲप स्वतः देते.

गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला पोहोचल्याची खात्रीच झाली नाही, असा व्यवहार राहिला तर काय करायचे, हेही पिवळ्या पडद्याखाली लिहिले आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला केलेले असे पेमेंट पाच दिवसांत आपोआप परतले पाहिजे, आणि त्यापुढे प्रत्येक दिवसाच्या विलंबाला ₹100 भरपाई गिऱ्हाइकाला मिळते. काकूंना गल्ल्यावर वाद घालताना हे वाक्य दाखवता येते, म्हणून ते मोठ्या अक्षरांत ठेवले.

चाचणीत एक गोष्ट योगायोगाने कळली. दुकानातल्या साउंडबॉक्सचे सिम वेगळे असते आणि या दुकानात ते वेगळ्या कंपनीचे होते. उत्तर अडवलेल्या प्रयत्नांत ॲप वाट पाहत असतानाच साउंडबॉक्स बोलला. म्हणून पिवळ्या पडद्यावर ‘साउंडबॉक्स बोलला का?’ असा प्रश्न आणि ‘हो’ हे बटण जोडले आहे. ‘हो’ दाबल्याने बिल हिरवे होत नाही. रांगेतला पुढचा माणूस घेता येतो आणि खात्री मागून होते. बिल हिरवे करण्याचा अधिकार आम्ही फक्त सर्व्हरच्या उत्तराला ठेवला आहे. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या ‘यशस्वी’ पडद्यालाही तो दिलेला नाही, कारण तसा पडदा खोटा बनवता येतो.

ॲपच्या नव्या आवृत्तीची शेवटची तपासणी आम्ही बाजाराच्याच दिवशी, दुकानातच केली. एक गोष्ट सुटलेली नाही. काका दुपारी दुकानापुढच्या ओट्यावर, उन्हात, पोती मोजत बिले करतात. मे महिन्यात परभणीकडे पारा 42 अंशांच्या वर जातो, तेव्हा उन्हात धरलेला फोन तापतो आणि स्वतःच्या बचावासाठी पडद्याची प्रखरता खाली आणतो. ॲपने पूर्ण प्रखरता मागितली तरी फोन ती देत नाही, आणि उन्हात मंद झालेला पडदा कोणत्याही घरमापाने वाचला जात नाही. ते कळण्याची खूण अशी की ॲपमधली प्रखरतेची पट्टी पूर्ण असते आणि पडदा तरी काळवंडलेला दिसतो. सध्या त्यासाठी काकांच्या खिशात पुठ्ठ्यावर चिकटवलेला, लॅमिनेट न केलेला छापील कोड असतो. त्यावर रक्कम गिऱ्हाइकाला हाताने टाकावी लागते, आणि तो व्यवहार बिलाशी जुळवण्याचे काम काकू संध्याकाळी दिवे लागल्यावर करतात.